पुतणीच्या टेबलासाठी मॉनिटर निवडताना : इंच, पिक्सेल आणि मराठी मजकूर

माझी पुतणी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि त्याबरोबरच स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. तिचा अभ्यास म्हणजे एका बाजूला व्याख्यानाचा व्हिडिओ, दुसऱ्या बाजूला ई-बालभारतीवरून उतरवून घेतलेले इतिहास-भूगोलाचे पाठ्यपुस्तक आणि समोर वही. हे सगळे ती थोरल्या भावाच्या जुन्या लॅपटॉपवर करत होती. त्याची स्क्रीन १५.६ इंचांची आणि रिझोल्यूशन १३६६ गुणिले ७६८. डोळे दुखतात, मान दुखते, अशी तिची तक्रार सुरू झाली, तेव्हा माझ्या भावाने मॉनिटर घ्यायचे ठरवले आणि निवड माझ्यावर सोपवली. मी कोल्हापुरात डीटीपीचे काम करतो. लग्नपत्रिका, स्मरणिका, अहवाल असा मराठी मजकूर दिवसभर स्क्रीनवर पाहणे हाच माझा व्यवसाय असल्यामुळे ही जबाबदारी मी आनंदाने घेतली. एकूण खर्च दहा हजारांच्या आत बसवायचा होता, आणि त्यात केबल, कीबोर्ड, माउस हे सगळे धरायचे होते.

दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न "किती इंची?" असा येतो. मी मात्र सुरुवात रिझोल्यूशनपासून केली, कारण स्क्रीनवर किती मजकूर मावणार हे इंचांवर नव्हे, पिक्सेलच्या संख्येवर ठरते. २१.५, २३.८ आणि २७ इंचांचे तीन मॉनिटर १९२० गुणिले १०८०, म्हणजे फुल एचडी, या एकाच रिझोल्यूशनचे असतील, तर तिन्हींवर पानाचा अगदी तेवढाच भाग दिसतो आणि एक ओळही कमी-जास्त होत नाही. मोठ्या स्क्रीनवर तोच मजकूर मोठा दिसतो, इतकेच. त्यामुळे पुतणीच्या कामाला किती पिक्सेल लागतात हे आधी ठरवायचे, ते पिक्सेल किती इंचांत पसरलेले हवेत हे नंतर, आणि टेबलावर डोळ्यांपासून स्क्रीनचे अंतर किती राहणार हे या दोन्हींच्या सोबत पाहायचे, असा क्रम मी धरला.

पिक्सेलचा हिशेब मी तिच्याच पुस्तकावरून केला. पान ए-४ च्या आसपासचे, म्हणजे २१० मिलिमीटर रुंद, आणि मजकूर साधारण ११ पॉइंटचा आहे असे धरले. ११ पॉइंट म्हणजे सुमारे ३.९ मिलिमीटर, आणि या उंचीत मराठी अक्षराचे सगळे काही बसवायचे असते : शिरोरेषेच्या वरची वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार, मधले मूळ अक्षर, आणि खालचा उकार किंवा पायमोडके जोडाक्षर. इंग्रजी मजकूर थोड्या पिक्सेलमध्येही वाचता येतो. मराठीत मात्र तेवढ्याच उंचीचे तीन मजले होतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला फार थोडे पिक्सेल येतात.

लॅपटॉपच्या स्क्रीनचे दोन भाग करून एका भागात पुस्तक उघडले की पानाच्या रुंदीला सुमारे ६७० पिक्सेल मिळतात. तेवढ्यात ११ पॉइंटच्या मजकुराला उंचीत साधारण १२ पिक्सेल येतात. त्यांतले तीनेक शिरोरेषेच्या वर, सहा-सात मूळ अक्षराला आणि उरलेले खाली. अनुस्वाराला एखादाच पिक्सेल मिळतो आणि तोही शेजारच्या मात्रेला चिकटतो. मी तिच्या शेजारी बसून पाहिले तेव्हा 'राष्ट्रकूट' मधला 'ष्ट्र' म्हणजे एक करडा ठिपका होता. शब्द माहीत असल्यामुळेच तो वाचता येत होता. भूगोलाच्या नकाशांतली छोटी नावे तर वाचताच येत नव्हती. म्हणून ती सतत पान मोठे करायची, मग ते आडवे सरकवावे लागायचे, आणि दर ओळीला हात माउसकडे जायचा. डोळे दुखण्याचे कारण मला तरी इथेच दिसले.

हाच हिशेब १९२० पिक्सेल रुंदीवर केला, की अर्ध्या स्क्रीनमध्ये पानाला सुमारे ९४० पिक्सेल मिळतात आणि मजकुराची उंची १७ पिक्सेलच्या पुढे जाते. वेलांटीचा बाक, रफार आणि अनुस्वार वेगवेगळे दिसू लागतात ते इथपासून, असा माझा कामातला अनुभव आहे. २५६० गुणिले १४४० वर तीच उंची २३ पिक्सेल होते आणि अक्षर चांगलेच नितळ दिसते. अधल्यामधल्या १६०० गुणिले ९०० या रिझोल्यूशनचे १९.५ इंचांचे मॉनिटर 'वीस इंची' म्हणून मिळतात. त्यांवर साडेचौदा पिक्सेलच मिळतात, आणि किमतीतला फरकही फारसा नसतो. १८.५ इंचांचा स्वस्त मॉनिटर तर १३६६ गुणिले ७६८ चाच असतो, म्हणजे पैसे देऊन लॅपटॉपचीच अडचण थोडी मोठी करून घ्यायची. हे दोन पर्याय मी कागदावरच खोडले.

इथे एक मर्यादा स्पष्ट सांगायला हवी, कारण अख्खे पान एका नजरेत वाचता येईल अशी बरेच जण अपेक्षा धरतात. उंचीला पिक्सेलच्या १०८० ओळी असलेल्या स्क्रीनवर टास्कबार आणि पीडीएफच्या खिडकीवरच्या पट्ट्या वजा जाता उंचीला साधारण ९५० पिक्सेल उरतात. त्यात अख्खे ए-४ पान एका नजरेत बसवले, तर मजकुराची उंची पुन्हा १२ पिक्सेलच होते. म्हणजे फुल एचडीवर अर्ध्या स्क्रीनमध्ये पानाचा सुमारे सत्तर टक्के भाग नीट वाचता येतो. पूर्ण पान दिसते, पण ते चाळण्यापुरते. पूर्ण पान वाचण्याइतके स्पष्ट हवे असेल तर १४४० ओळींचाच मॉनिटर लागतो. पुतणीला मी दोन्ही दाखवून विचारले, तेव्हा ती म्हणाली, "काका, पान खाली सरकवायला काही वाटत नाही, आडवं सरकवायला लागू नये एवढंच." त्या एका वाक्याने निवड बरीच सोपी झाली.

तरीही १४४० चा पर्याय मी लगेच सोडला नाही. माझ्या कामाच्या ठिकाणी त्या रिझोल्यूशनचा २७ इंची मॉनिटर आहे, त्याला तिचा लॅपटॉप एचडीएमआय केबलने जोडून पाहिला. विंडोजच्या `Display resolution` या यादीत १९२० गुणिले १०८० च्या वरचे काही आलेच नाही. जुन्या लॅपटॉपच्या एचडीएमआयमधून एका ठरावीक मर्यादेपलीकडचे चित्र निघत नाही, आणि ही मर्यादा मॉनिटर बदलून जात नाही. अशा वेळी १०८० ओळींचे चित्र १४४० ओळींवर ताणले जाते. प्रत्येक तीन पिक्सेलचे चार करायचे म्हटल्यावर ते सारखे वाटले जात नाहीत, म्हणून अक्षरांच्या कडा धूसर होतात. आमच्या पुढ्यात तेच झाले. महागड्या मॉनिटरवर मजकूर साध्या फुल एचडीपेक्षा वाईट दिसत होता. ज्यांच्याकडे जुना संगणक आहे त्यांनी मॉनिटरचे पैसे देण्यापूर्वी ही एक चाचणी कुठेतरी करून घ्यावी, असे मी आग्रहाने सांगेन. त्या मॉनिटरची किंमत पंधरा हजारांच्या पुढे असल्याने आमच्या बजेटबाहेरच होती, पण पैसे असते तरी या लॅपटॉपबरोबर तो घेण्यात अर्थ नव्हता.

रिझोल्यूशन अशा रीतीने फुल एचडी ठरले आणि मग इंचांचा प्रश्न आला. त्याचे उत्तर दुकानात नव्हे, तिच्या टेबलाशी होते. भावाचे घर मंगळवार पेठेत, जुन्या बांधणीचे. टेबल तीन फूट रुंद आणि दीड फूट, म्हणजे ४५ सेंटिमीटर खोल आहे. खुर्चीच्या मागे कॉट असल्यामुळे टेबल भिंतीपासून पुढे ओढता येत नाही. स्टँडवर ठेवलेल्या मॉनिटरची काच भिंतीपासून साधारण १५ सेंटिमीटर पुढे येते आणि स्टँडचा पाया आणखी पुढे येतो. वही उघडून ठेवायला तीस सेंटिमीटर खोली लागते, तर पायापुढे पंचवीसच उरत होते. म्हणजे वहीचा वरचा भाग स्टँडच्या पायावर चढणार, आणि मुलगी वही पुढे ओढून तिरकी बसणार.

कोणत्या मापाचा मॉनिटर कसा वाटेल हे पाहण्यासाठी मी पुठ्ठ्याचे तीन तुकडे कापले. २१.५ इंचांसाठी ४७.६ गुणिले २६.८ सेंटिमीटर, २३.८ साठी ५२.७ गुणिले २९.६ आणि २७ साठी ५९.८ गुणिले ३३.६. पुठ्ठे पाळीपाळीने टेबलामागच्या भिंतीला टेकवले, पुतणीला खुर्चीत नेहमीसारखे बसवले आणि टेपने डोळ्यांपासूनचे अंतर मोजले. मॉनिटर स्टँडवर ठेवला तर अंतर ४८ सेंटिमीटरच्या आसपास राहत होते, आणि स्टँड काढून मागे टेकवून बसवला तर ५५ पर्यंत जात होते. २७ इंचांच्या पुठ्ठ्यावर एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्याकडे पाहताना तिची मान वळत होती. २३.८ वर नजर फिरत होती आणि मान स्थिर राहत होती. हा फरक आकडेमोडीने पटला नसता, पुठ्ठ्याने लगेच पटला.

मग पेन ड्राइव्ह घेऊन आम्ही दोघे राजारामपुरीतल्या दुकानांत गेलो. ड्राइव्हवर तीन गोष्टी होत्या : तिच्या पुस्तकातली काही पाने, ९ ते १४ पॉइंटपर्यंतचा मराठी मजकूर असलेले एक पान, आणि मी स्वतः तयार केलेले १९२० गुणिले १०८० मापाचे एक चित्र, ज्यात एक पिक्सेल काळी आणि एक पिक्सेल पांढरी अशा उभ्या रेघा टोकापासून टोकापर्यंत आहेत. हे चित्र मूळ मापात, पूर्ण स्क्रीनवर उघडायचे. मॉनिटर त्याच्या स्वतःच्या रिझोल्यूशनवर चालत असेल, तर सगळीकडे एकसारख्या बारीक रेघा किंवा सपाट करडा रंग दिसतो. कुठे जाड पट्टे किंवा लाटा दिसल्या, तर चित्र ताणले जात आहे किंवा केबलमधून नीट येत नाही असे समजावे. एका दुकानात मॉनिटर व्हीजीए केबलने जोडलेला होता आणि तिथे अशा लाटा स्पष्ट दिसल्या. एचडीएमआय लावताच त्या गेल्या. दुकानात मॉनिटरवर जे रंगीत व्हिडिओ लावून ठेवतात, त्यांवरून मजकुराविषयी काहीही कळत नाही.

दुकानदाराने अर्थातच मोठ्या मापाचा आग्रह धरला, आणि त्याच्या म्हणण्यात तथ्य अजिबात नव्हते असे नाही. २७ इंची फुल एचडीवर एक पिक्सेल ०.३१ मिलिमीटरचा होतो, २३.८ वर ०.२७ आणि २१.५ वर ०.२५. म्हणजे आमच्या १७ पिक्सेलच्या मजकुराची उंची २७ इंचांवर सव्वापाच मिलिमीटरच्या आसपास, २३.८ वर साडेचारच्या थोडी वर आणि २१.५ वर सव्वाचारला थोडी कमी. ज्यांची नजर कमजोर आहे आणि ज्यांना स्क्रीन ऐंशी-नव्वद सेंटिमीटर लांब ठेवता येते, त्यांना २७ इंची फुल एचडी सोयीचा वाटू शकतो. पण आमच्या ५५ सेंटिमीटरवर त्या मोठ्या अक्षरांच्या तिरक्या रेघांना पायऱ्या दिसत होत्या, विशेषतः 'श' आणि 'ळ' च्या वळणांना, आणि किंमतही साडेदहा हजारांच्या घरात सांगितली गेली.

२१.५ आणि २३.८ मधली निवड जास्त बारकाईची होती. २१.५ वर अक्षर सर्वांत घट्ट आणि नीटस दिसत होते, किंमतही हजार-दीड हजाराने कमी होती, त्यामुळे मी स्वतः तिकडे झुकलो होतो. मी टेपने ५५ सेंटिमीटर मोजून पुतणीला उभे केले आणि पुस्तकातला एक परिच्छेद मोठ्याने वाचायला सांगितला. दोन्हींवर तिने न अडखळता वाचला, पण २१.५ वर दुसऱ्या-तिसऱ्या ओळीपासून ती नकळत पुढे वाकली. छापील वही-पुस्तक आपण ३८-४० सेंटिमीटरवरून वाचतो. त्या अंतरावरच्या छपाईशी तुलना केली, तर २३.८ वरचा मजकूर ९ पॉइंट छापल्यासारखा आणि २१.५ वरचा ८ पॉइंटसारखा दिसतो. ९ पॉइंट तासभर वाचता येतो. ८ पॉइंटमध्ये मी ग्राहकाला तळटीपसुद्धा नाखुशीने लावून देतो.

यावर कुणी म्हणेल, की २१.५ घेऊन विंडोजमध्ये `Scale` १२५ टक्के करावे. तसे करता येते, पण मग मेनू, पट्ट्या, खिडक्या सगळे सव्वापट होते आणि कामाची जागा १५३६ गुणिले ८६४ एवढीच उरते. मजकूर मोठा होतो, पण व्याख्यान आणि पुस्तक शेजारी-शेजारी ठेवण्यासाठी जे पिक्सेल विकत घेतले, त्यांतला मोठा वाटा परत द्यावा लागतो. म्हणून ज्या मापात १०० टक्क्यांवर वाचता येते ते आपले माप, हा निकष मी शेवटपर्यंत धरला. याच कारणाने ज्यांचे टेबल आमच्याहून उथळ आहे आणि डोळे स्क्रीनपासून ४५ सेंटिमीटरच्या आत राहतात, त्यांना मी २१.५ च सुचवेन. तेवढ्या जवळून त्याचा मजकूर पुरेसा मोठा दिसतो.

याच किमतीत थोडे पैसे घालून ३२ इंची टीव्ही घ्यावा, असेही भावाला कुणीतरी सुचवले होते. त्या वर्गातले बरेच टीव्ही 'एचडी रेडी' असतात, म्हणजे १३६६ गुणिले ७६८. अक्षराला पुन्हा तेच १२ पिक्सेल, फक्त प्रत्येक पिक्सेल अर्ध्या मिलिमीटरचा. आम्ही त्यावर तेच पान उघडले. रंगीत मथळ्यांच्या कडाही पसरलेल्या दिसल्या, कारण पुष्कळ टीव्ही रंगाची माहिती पूर्ण तपशिलाने दाखवत नाहीत. चित्रपटात ते जाणवत नाही, लाल अक्षरांत लगेच जाणवते. भावाने स्वतः पाहिल्यावर हा विषय संपला.

बाकीच्या गुणांवर मी फार वेळ घालवला नाही. पॅनेल आयपीएस हवे एवढे पाहिले, कारण तिरके बसून पाहिले तरी अक्षरांचा काळेपणा बदलत नाही. काच चकचकीत नसलेली घेतली. ७५ किंवा १०० हर्ट्झ, एक मिलिसेकंद वगैरे गोष्टी खेळांसाठी आहेत, पुस्तकासाठी नाहीत. पाठीमागे १०० मिलिमीटर अंतराची चार भोके आहेत का, हे मात्र आवर्जून तपासले, कारण कमी किमतीच्या काही मॉनिटरना ती नसतात आणि आमची सगळी मांडणी त्यांवर अवलंबून होती.

२३.८ इंचांचा, दुकानात 'चोवीस इंची' म्हणून ओळखला जाणारा मॉनिटर सात हजार आठशेला मिळाला. खोक्यात एचडीएमआय केबल नव्हती, ती अडीचशेला घेतली, आणि कीबोर्ड-माउस आठशेला. भिंत जुनी, मातीच्या गिलाव्याची, त्यात स्क्रू धरणार नाही हे दिसत होते. म्हणून उद्यमनगरातल्या एका फॅब्रिकेटरकडून चौकोनी पाइपचा एक उभा खांब आणि त्याला चार भोकांची पट्टी वेल्ड करून घेतली. खांब टेबलाच्या मागच्या कडेला बोल्टने बसवला. याला सहाशे रुपये लागले. मॉनिटरला लावायचे स्क्रू एम-४ मापाचे असतात, आणि पट्टीची जाडी धरून ते आत दहा मिलिमीटरपेक्षा जास्त जाऊ नयेत, नाहीतर आतल्या भागाला टोचण्याची भीती असते. पट्टी बसवताना स्क्रीनची वरची कड तिच्या डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली येईल अशी उंची धरली. आता स्क्रीनखाली वही पूर्ण उघडी राहते आणि लॅपटॉप बाजूच्या फळीवर ठेवला आहे.

जोडल्यानंतर दोन गोष्टी तपासल्या. `Display resolution` मध्ये 1920 × 1080 समोर `Recommended` दिसते आहे आणि `Scale` १०० टक्के आहे, हे पाहिले, आणि रेघांचे चित्र पुन्हा उघडले. रेघा एकसारख्या होत्या. मग विंडोजमधले `ClearType` चालवून अक्षरांच्या जाडीचे नमुने पुतणीलाच निवडू दिले, कारण ते ज्याच्या त्याच्या डोळ्यांवर अवलंबून असते. तिने डावीकडे आठव्या शतकातल्या राष्ट्रकूटांचे प्रकरण आणि उजवीकडे व्याख्यान लावले आणि पान खाली सरकवत वाचायला लागली. नकाशातली तालुक्यांची नावे अजूनही तिला पान मोठे करूनच वाचावी लागतात. ते या रिझोल्यूशनमध्ये सुटणारे नाही, आणि पुढेमागे नवा लॅपटॉप आला तर तेव्हा पाहू, असे आमचे ठरले आहे.